कोटेशनमधलं '४ जीबी ग्राफिक्स' म्हणजे नक्की काय? लॅपटॉप घ्यायचाय, ठाणे

मनीषा_नौपाडा

नमस्कार मंडळी. मुलगी यंदा आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षाला गेली आहे. कॉलेजने ऑटोकॅड आणि स्केचअप चालेल असा लॅपटॉप घ्या, एवढंच सांगितलंय. घराजवळच्या दुकानातून दोन कोटेशनं आणली. कागदावर जसं लिहून दिलंय तसंच खाली टाकते:

```
A) i5-1235U 1.3GHz / 8GB / 512GB SSD / 4GB Graphics / 15.6 FHD / W11
B) i5-12450H 2.0GHz / 16GB / 512GB SSD / RTX3050 4GB / 15.6 FHD / W11
```

दोघांत बऱ्यापैकी फरक आहे किमतीत. दुकानदार म्हणतो, "ताई, दोन्हीत ग्राफिक्स चार जीबीच आहे, पहिला घ्या, पैसे वाचतील." मग बी महाग कशामुळे, हे विचारलं तर "तो गेमिंगचा आहे" एवढंच उत्तर मिळालं. एका ओळीत जीबी तीनदा येतं आणि तिन्ही वेळा वेगळा आकडा, इथेच माझी गाडी अडते. कुणी नीट उलगडून सांगेल का?

ऐरोली_गेमर

बी घ्या, डोळे झाकून. ए मध्ये १.३ गिगाहर्ट्झ आहे, २०२६ मध्ये १.३ म्हणजे विनोद आहे. माझ्या आजोबांच्या डेस्कटॉपला २.८ होतं. ए मध्ये एकच गोष्ट बरी, त्यात १० कोअर आहेत आणि बी मध्ये ८. बाकी ए मधलं ४ जीबी ग्राफिक्स शेअर्ड आहे, म्हणजे ८ जीबी रॅममधून ४ जीबी कायमची कापली जाणार आणि तुमच्या हाती उरणार ४. त्यात क्रोमसुद्धा धड चालणार नाही.

बेलापूरचे_काका

या विषयावर मलाही विचारायचं होतं. माझ्या मोबाईलच्या खोक्यावर ८ जीबी + १२८ जीबी असं आहे आणि सेटिंगमध्ये 'रॅम ८ + ८' दाखवतो. तरी फोन रोज 'जागा संपली' म्हणतो. सोळा जीबी रॅम असून जागा कशी संपते? रॅम वाढवून मिळते का कुठे, वाशीत सेक्टर १७ ला वगैरे?

घणसोली_रिपेअर

लॅपटॉप दुरुस्तीचंच काम करतो, त्यामुळे असली कोटेशनं रोज डोळ्यांखालून जातात. मनीषाताई, तुमचा प्रश्न अगदी योग्य जागी आहे. गेमरभाऊंचा निकाल बरोबर आहे, पण कारणं अर्धी चुकलीत. एकेक घेऊ.

आधी ते तीन जीबी. `8GB` ही रॅम, म्हणजे चालू असलेलं काम जिथे मांडलेलं असतं ती जागा; वीज गेली की रिकामी. `512GB SSD` ही साठवण, फायली आणि विंडोज तिथे राहतात, बंद केलं तरी राहतात. आणि तिसरं `4GB Graphics`, हीच गोम आहे. बी मध्ये ते ४ जीबी खरोखरचं वेगळं सामान आहे. आरटीएक्स ३०५० ही स्वतंत्र चिप, तिच्या शेजारी बोर्डावर तिच्या स्वतःच्या मेमरीच्या चिपा बसवलेल्या असतात, जीडीडीआर६ जातीच्या. त्यांना प्रोसेसर हात लावत नाही. ए मध्ये असं काहीच नाही. तिथे ग्राफिक्सचा भाग प्रोसेसरच्याच पोटात आहे आणि त्याला स्वतःची मेमरी नाही, तो तुमच्या ८ जीबी रॅममधूनच घेतो. विंडोज अशा ग्राफिक्सला रॅमच्या साधारण निम्म्यापर्यंत घ्यायची मुभा देतं. आठचे निम्मे चार. दुकानदाराने तोच मुभेचा आकडा उचलून कागदावर 'ग्राफिक्स' म्हणून लिहिला. उद्या त्याच मशीनमध्ये १६ रॅम टाकली की तो '८ जीबी ग्राफिक्स' लिहील, आणि ग्राफिक्सची चिप तीच असेल.

आता गेमरभाऊंचं: चार जीबी कायमचे कापले जात नाहीत. ती वरची मर्यादा आहे. वर्ड उघडून बसलात तर ग्राफिक्स त्यातलं थोडंसंच वापरतं, बाकी रॅम तुमचीच. सुरुवातीलाच बाजूला काढून ठेवलेला भाग अगदी छोटा असतो, म्हणून ८ जीबीच्या मशीनवर `7.7 GB usable` असं काहीतरी दिसतं. मात्र स्केचअपमध्ये जड मॉडेल फिरवायला घेतलं की ती मुभा वापरली जायला लागते, आणि त्याच वेळी स्केचअपलाही रॅम हवी असते. तेव्हा ८ जीबी पुरत नाही, हे खरं.

काका, तुमचं वेगळं आहे. फोनमध्ये भरली आहे ती १२८ ची साठवण, रॅम नव्हे. आणि तो '+ ८' फोनने त्याच साठवणीतून रॅमच्या मदतीला उसना घेतलाय, म्हणजे उलट तुमची जागा त्यात अडकली आहे. तो पर्याय बंद करा, व्हॉट्सअ‍ॅपचे व्हिडिओ काढून टाका. फोनची रॅम बाजारात वाढवून मिळत नाही, सेक्टर १७ ची फेरी वाचवा.

बेलापूरचे_काका

बंद केलं. फोन रिस्टार्ट करायला सांगितलं, केला. जागा दिसतेय. पण मग सेटिंगमध्ये ८ + ८ का दाखवतात?

डोंबिवली_फास्ट

काका, बिल्डर कार्पेट सोडून सुपर बिल्टअप का छापतो? 😀

ऐरोली_गेमर

बरं, शेअर्डचं मान्य. पण १.३ वि. २.० गिगाहर्ट्झ? तिथे तर आकडेच समोर आहेत.

घणसोली_रिपेअर

आकडे समोर आहेत, पण कागदावर निम्मेच आकडे आहेत. गिगाहर्ट्झ म्हणजे प्रोसेसर सेकंदाला किती अब्ज ठोक्यांवर चालतो ते. १.३ म्हणजे १३० कोटी ठोके. पण ही बेस फ्रिक्वेन्सी आहे, म्हणजे ठरवून दिलेल्या विजेत लांबलचक जड काम सलग चालू असतानाही जेवढा वेग राखेन अशी हमी इंटेल देतं तेवढी. काम आलं की तो वर जातो. १२३५यू चा एक कोअर जास्तीत जास्त ४.४ गिगाहर्ट्झपर्यंत जातो. आणि गंमत म्हणजे १२४५०एच सुद्धा ४.४ पर्यंतच जातो. वरचं टोक दोघांचं एकच.

फरक आहे तो शेवटच्या अक्षरात, यू आणि एच. यू च्या प्रोसेसरची बेस वीज १५ वॅट, एच ची ४५. थोड्या वेळासाठी दोघंही याहून पुष्कळ जास्त ओढतात, पण लॅपटॉप तापला की परत खाली यावं लागतं, आणि तेव्हा १५ वॅटवाला जास्त खाली येतो. म्हणून दुकानात दोन मिनिटं वापरून दोन्ही सारखेच चपळ वाटतील. फरक दिसेल तो वीस मिनिटांचा रेंडर, म्हणजे मॉडेलचं खरंखुरं दिसणारं चित्र, बनवायला लावल्यावर.

कोअरची मोजणीही तशीच फसवी. १२३५यू मध्ये १० कोअर आहेत खरे, पण त्यातले मोठे २ आणि कमी विजेत चालणारे छोटे ८. १२४५०एच मध्ये मोठे ४ आणि छोटे ४. जड कामाला मोठे कोअर लागतात, तेव्हा इथे आठवाला दहावाल्याच्या पुढे जातो.

ताई, दुकानात तपासायचं असेल तर `Ctrl+Shift+Esc` दाबा, `Performance` मध्ये `CPU` निवडा. `Base speed` मध्ये कागदावरचा आकडा दिसेल आणि मोठ्या अक्षरात `Speed` मध्ये या क्षणाचा. एखादी जड गोष्ट चालू करून तो आकडा बघत बसा. आधी चारच्या जवळ उडी मारेल, मग हळूहळू कुठे स्थिरावतो ते बघायचं. तो स्थिरावलेला आकडा खरा.

कळवा_वरुण

याच गिगाहर्ट्झवरून माझी केस. ऑफिसने जुने लॅपटॉप विकायला काढलेत, स्वस्तात मिळतोय. त्यावर i5-6300U 2.40GHz असं आहे. तुमच्या यादीतल्या दोन्हींपेक्षा जास्त! घेऊन टाकू का?

घणसोली_रिपेअर

थांबा जरा. ६३००यू हा २०१५ चा प्रोसेसर. त्यात कोअर दोनच, आणि वर गेला तर ३.० पर्यंत जातो. शिवाय एका ठोक्यात नवा प्रोसेसर जितकं काम उरकतो तितकं हा उरकत नाही, त्यामुळे वेगवेगळ्या पिढ्यांचे गिगाहर्ट्झ शेजारी ठेवून तुलनाच होत नाही. ती एकाच पिढीत, एकाच जातीत करायची. आणखी एक: विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते, हा सहावीतला आहे. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. लिनक्स टाकणार असाल तर ठीक, नाहीतर राहू द्या.

कळवा_वरुण

लिनक्स नाही जमणार, बाबांना द्यायचा होता. बघतो.

सविता_माजिवडा

मी आर्किटेक्ट आहे, पंधरा-सोळा वर्षं याच सॉफ्टवेअरांवर घालवली आहेत, म्हणून वापरणाऱ्याच्या बाजूने सांगते. पहिल्या वर्षी मुलं खरं तर हाताने ड्रॉइंग करतात, बोर्ड आणि टी-स्क्वेअर घेऊन. ऑटोकॅडमध्ये जे काही असतं ते टू-डी प्लॅन. त्याला आरटीएक्स लागत नाही. ऑटोकॅडचं बरंचसं काम एकाच कोअरवर चालतं, त्यामुळे तो एक कोअर किती वर जातो याला महत्त्व, आणि ते वर घणसोलीदादांनी सांगितलंच की दोघांचं सारखं आहे.

खरी ग्राफिक्स चिप लागते ती तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून. ल्युमियन, एन्स्केप असली रेंडरिंगची सॉफ्टवेअरं आली की. ती ग्राफिक्स चिपवरच चालतात आणि अख्खा सीन त्या चिपच्या स्वतःच्या मेमरीत मावावा लागतो. आणि स्पष्ट सांगायचं तर त्यांच्यासाठी बी मधले ४ जीबीसुद्धा अपुरे आहेत. झाडं, माणसं, फर्निचर टाकलेला सीन ४ जीबीत मावत नाही, मग एकतर अडखळतो नाहीतर सॉफ्टवेअर बंद पडतं. म्हणजे आज ३०५० साठी जास्त पैसे द्यायचे आणि चौथ्या वर्षी परत नवा घ्यायचा, असं व्हायची शक्यता आहे. माझं मत: आत्ता ए घ्या, रॅम १६ करा, वाचलेले पैसे बाजूला ठेवा. वजन हाही मुद्दा आहे. गेमिंगचा लॅपटॉप आणि त्याच्या चार्जरची वीट, दोन्ही खांद्यावर घेऊन सकाळी ठाणे स्टेशनवर चढून दाखवा.

ऐरोली_गेमर

सविताताई, आदर आहे पण असहमत. ४ जीबी कमी आहेत म्हणून शून्य घ्यायचे का? स्केचअप पण ग्राफिक्स चिपवरच चालतं.

घणसोली_रिपेअर

दोघांच्या म्हणण्यात तथ्य आहे. मी यात निकाल देत नाही, खिसा ताईंचा आहे. पण ए घेणार असाल तर त्यातली एक गोष्ट दुकानदार सांगणार नाही, ती सांगतो, कारण त्याच कोटेशनमध्ये ती दडलेली आहे.

`8GB` म्हणजे आठची एक पट्टी की चार-चारच्या दोन? फरक मोठा पडतो. डीडीआर४ ३२०० ची एक पट्टी सेकंदाला ३२० कोटी वेळा माल पोचवते आणि दर वेळी ८ बाइट. गुणाकार केला तर सेकंदाला २५.६ जीबी. दोन पट्ट्या दोन चॅनेलवर असतील तर ५१.२. रुंदीकरणाआधीचा कोपरी पूल आठवा: गाड्यांचा वेग तोच, लेन कमी, म्हणून रांग आनंदनगर नाक्यापर्यंत. प्रोसेसरच्या पोटातलं ग्राफिक्स याच पुलावर अवलंबून असतं, कारण त्याला दुसरी मेमरीच नाही. साध्या ऑफिसकामात एक पट्टी की दोन हे कळतही नाही. पण स्केचअपमध्ये मॉडेल फिरवताना चटकन कळतं.

इंटेलने तर हे नावातच घातलंय. १२३५यू मधल्या ग्राफिक्सला आयरिस एक्सई हे नाव तेव्हाच मिळतं जेव्हा रॅम दोन चॅनेलवर असते. एकच पट्टी असेल तर त्याच चिपला विंडोज `Intel UHD Graphics` म्हणतं. मागे घणसोलीतलेच एक गृहस्थ तक्रार घेऊन आले होते, जाहिरातीत आयरिस होतं आणि मशीनमध्ये यूएचडी दिसतंय, फसवलं. उघडून बघितलं तर आठची एक पट्टी, शेजारचा स्लॉट रिकामा. त्याच वेगाची आठची दुसरी पट्टी लावली, मशीन चालू केलं, डिव्हाइस मॅनेजरमध्ये नाव `Intel Iris Xe Graphics` झालं. ड्रायव्हर वगैरे काही बदललं नाही. चिप तीच होती, तिला वाट रुंद मिळाली.

ऐरोली_गेमर

हे नवीन कळलं. पण एक मिनिट, माझ्याकडे १२४५०एच च आहे, आठ-आठच्या दोन पट्ट्या आहेत, तरी यूएचडीच दाखवतं. मग?

घणसोली_रिपेअर

तुमच्या प्रोसेसरच्या पोटातलं ग्राफिक्सच लहान आहे, त्यात ४८ एक्झिक्युशन युनिट, म्हणजे चित्राचं गणित करणारे भाग. १२३५यू मध्ये ८०. एच मध्ये स्वतंत्र चिप जोडली जाणार हे गृहीत धरून आतलं लहान ठेवलंय. तिथे किती पट्ट्या लावल्या तरी नाव बदलणार नाही. यूएचडी हे नाव दिसलं की कारण दोनपैकी कुठलंही असू शकतं, म्हणून प्रोसेसरचा नंबर बघूनच बोलावं.

ऐरोली_गेमर

अजून एक शंका विचारून घेतो. सीपीयू-झेडमध्ये माझ्या रॅमचा वेग १५९६ दाखवतो. खोक्यावर ३२००. हा पण घोटाळाच ना?

घणसोली_रिपेअर

नाही. डीडीआर एका ठोक्यात दोनदा माल देते. ठोके १६०० च्या आसपास, माल ३२०० वेळा. सीपीयू-झेड ठोके दाखवतं. टास्क मॅनेजर ३२०० दाखवतो, जुन्या विंडोजमध्ये त्यापुढे `MHz` लिहिलेलं असायचं, आता `MT/s` लिहितात, तेच जास्त बरोबर.

मनीषा_नौपाडा

सगळ्यांचे आभार, दोनदा वाचलं तेव्हा डोक्यात शिरलं. काल दुकानात जाऊन ए चालू करून बघितला. टास्क मॅनेजरमध्ये `Memory` खाली `Slots used: 1 of 2` असं आलं. म्हणजे एकच पट्टी ना? `GPU` मध्ये `Intel UHD Graphics` आणि `Shared GPU memory` पुढे ३.९ जीबी. दुकानदाराला म्हटलं, हेच का तुमचं चार जीबी? तो म्हणाला, "ताई, सगळे असंच लिहितात."

पण आता नवीन काळजी. डिस्क ५१२ ची सांगितली आणि दाखवते ४७६. एवढे ३६ जीबी कुठे गेले? की जुनी डिस्क घातली आहे?

घणसोली_रिपेअर

बरोबर, एकच पट्टी आणि एक स्लॉट मोकळा. चांगली बातमी आहे ही, दुसरी पट्टी लावता येईल. `Form factor` पुढे `SODIMM` असेल तर पट्टी काढता-घालता येते, `Row of chips` असेल तर ती बोर्डावर डकवलेली असते. तेही बघून ठेवा.

३६ जीबी कुठेही गेले नाहीत. डिस्क बनवणारे जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतात. विंडोज जीबी म्हणजे १०७ कोटी ३७ लाखांच्या वर काही बाइट धरतं, दोनच्या पटीत मोजत गेल्यामुळे. ५१२ अब्जाला त्याने भागलं की ४७६.८ येतात. २५६ ची डिस्क २३८ दिसते, १ टीबीची ९३१. हेच आकडे दिसत असतील तर डिस्क पूर्ण आहे. रॅममध्ये हा फरक पडत नाही, ती दोन्हीकडे दोनच्या पटीतच मोजतात, ७.७ दिसतं त्याचं कारण वर सांगितलं ते.

डिस्कबद्दल विचारायचा प्रश्न वेगळा आहे: `SSD` पुढे एनव्हीएमई आहे का साटा? दोन्ही एसएसडीच. साटावाली सेकंदाला साधारण ५५० एमबीच्या वर जाऊ शकत नाही, ती त्या जोडणीचीच मर्यादा. एनव्हीएमई पीसीआय एक्सप्रेसवर चालते, जुन्या तिसऱ्या पिढीचीसुद्धा ३५०० च्या आसपास वाचते. या पिढीच्या नव्या लॅपटॉपमध्ये एनव्हीएमईच असते, पण दुकानात बदललेली असेल तर कळायला हवं. पॉवरशेल उघडून हे लिहा:

```
Get-PhysicalDisk | Select FriendlyName, MediaType, BusType
```

`BusType` खाली `NVMe` यायला हवं.

डोंबिवली_फास्ट

यावरून सांगतो. मी लॅपटॉपसाठी एम.२ एसएसडी मागवली, आकार अगदी बरोबर, स्लॉटमध्ये बसली, स्क्रू लागला, आणि मशीनला दिसेचना. दोन दिवस डोकं खाजवलं. निघाली साटा, आणि तो स्लॉट फक्त एनव्हीएमईचा. एम.२ नुसता आकार सांगतं हे कुणी आधी सांगितलं असतं तर!

घणसोली_रिपेअर

हे महिन्याला एकदा तरी माझ्या टेबलावर येतं. बहुतेक साटा एम.२ ला दोन खाचा असतात आणि एनव्हीएमईला एक, पण खाचांवर विसंबू नका, अपवाद आहेत. मशीनच्या मॅन्युअलमध्ये स्लॉटपुढे काय लिहिलंय तेच प्रमाण.

सविता_माजिवडा

मनीषाताई, मग ए मध्ये आठची दुसरी पट्टी टाकून दर मागा. दुकानदाराला 'मला आयरिस दिसलं पाहिजे' असं सांगा, तो सरळ होईल. 😊

मनीषा_नौपाडा

तेच विचारलं. तो 'करून देतो' म्हणाला. पण मुलगी म्हणते बी बघू. बी मध्ये टास्क मॅनेजरला दोन जीपीयू दिसतात, एक इंटेल, एक एनव्हिडिया, आणि एनव्हिडियाच्या खाली `Dedicated GPU memory` 4.0 GB आहे. म्हणजे हे खरं चार जीबी. पण यातही रॅम सोळाची एकच पट्टी आहे, `1 of 2`. तोही पूल अरुंदच म्हणायचा का?

घणसोली_रिपेअर

बी मध्ये त्याने फारसं बिघडत नाही. थ्री-डीचं काम ३०५० करते आणि तिची मेमरी तिच्याशेजारी आहे, तिला हा पूल ओलांडून सारखं यावं लागत नाही. उलट सोळाची एक पट्टी असल्याने पुढे सोळाची दुसरी लावून ३२ करता येईल. आठ-आठच्या दोन असत्या तर दोन्ही काढून टाकाव्या लागल्या असत्या.

बी घेणार असाल तर एक बघा. ३०५० हे नाव एकच, पण लॅपटॉप कंपनी तिला ३५ वॅटपासून ८० वॅटपर्यंत कितीही वीज देऊ शकते, आणि त्याप्रमाणे तीच चिप मंद किंवा वेगवान होते. कोटेशनवर हे कधीच नसतं. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये `System Information` उघडा, कमाल वॅट तिथे सापडतील. ३५-४० असतील तर त्यासाठी एवढा फरक देऊ नये असं माझं मत.

ऐरोली_गेमर

एक पट्टीने बिघडत नाही हे मला पटत नाही. माझ्या मशीनमध्ये एक पट्टी काढून गेम लावला होता, फ्रेम पडल्या आणि मध्येमध्ये झटके यायला लागले. प्रोसेसरला पण रॅम लागतेच ना.

घणसोली_रिपेअर

गेममध्ये पडतात, खरं आहे, आणि एक पट्टी काढलीत तेव्हा रॅमही निम्मी झाली होती, तेही धरा. प्रोसेसर दर फ्रेमला काम पाठवतो तिथे तो पूल लागतो. स्केचअपमध्ये किती जाणवेल हे मी मोजलेलं नाही, सविताताईंना जास्त माहीत.

सविता_माजिवडा

मीही एक-दोन पट्ट्या अशी तुलना करून पाहिलेली नाही. आमच्या ऑफिसात सगळ्या मशीनना दोन आहेत. मला अजूनही वजन जास्त महत्त्वाचं वाटतं.

बेलापूरचे_काका

सविताताईंशी सहमत. माझा नातू असाच जड लॅपटॉप घेऊन पनवेलहून येतो, पाठ धरली आहे. आणि हो, फोन आता उत्तम चालतोय. फक्त सुनेने विचारलंय की तिच्या लॅपटॉपवर 'ग्राफिक्स २ जीबी' आहे, ते खरं की मुभेचं?

घणसोली_रिपेअर

काका, टास्क मॅनेजरला `GPU` वर क्लिक करायला सांगा. `Dedicated` पुढे २ असेल तर बहुतेक खरं. नुसतं `Shared` असेल तर मुभेचं. स्क्रीनचा फोटो टाका, बघतो.

मनीषा_नौपाडा

वॅट बघितले, बी वर ६० आहेत. मुलगी शनिवारी दोन्ही हातात घेऊन, म्हणजे अक्षरशः खांद्याला लावून बघणार आहे, चार्जरसकट. मग ठरवू. ए घेतला तर दुसऱ्या पट्टीनंतर नाव बदललं का ते इथे टाकते.